शेअर वर, तरी कॉल खाली : वेगाविषयीचे सहा गैरसमज

कंपनीच्या तिमाही निकालानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑप्शन घेणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. नफा वाढला, शेअर वर उघडला, मग माझा कॉल लाल कसा? कुणी ऑपरेटरला दोष देतो, कुणी ब्रोकरच्या ॲपला. बहुतेक वेळा कारण प्रीमियमच्या आतच असतं. ऑप्शन घेताना आपण शेअरच्या दिशेबरोबर आणखी एका गोष्टीचे पैसे मोजलेले असतात : पुढच्या काही दिवसांत शेअर किती हलेल, याबद्दलचा बाजाराचा अंदाज. या अंदाजाला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी किंवा आयव्ही म्हणतात. आयव्ही एका अंकाने बदलली आणि बाकी काहीच बदललं नाही, तर प्रीमियम जितका बदलेल तो आकडा म्हणजे वेगा.

हिशेब डोक्यात मावावा म्हणून एक काल्पनिक शेअर घेऊ. भाव १०० रुपये, स्ट्राइक १००, एक्स्पायरीला ३० दिवस, व्याज शून्य, लाभांश नाही आणि आयव्ही वर्षाला २० टक्के. ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने या कॉलची किंमत २.२९ रुपये येते. आयव्ही २१ केली तर ती २.४० होते. हा ११ पैशांचा फरक म्हणजे या कॉलचा वेगा. नेमका आकडा ११.४ पैसे आहे.

भावाजवळच्या स्ट्राइकसाठी हे गणित हातानेही जमतं. ०.४ ला शेअरच्या भावाने गुणा, मग व्होलॅटिलिटीने आणि मग वर्षात मोजलेल्या मुदतीच्या वर्गमुळाने. ३० दिवस म्हणजे वर्षाचा ०.०८२ भाग, त्याचं वर्गमूळ ०.२८७. तेव्हा ०.४ × १०० × ०.२० × ०.२८७ म्हणजे साधारण २.२९. पुढचे सगळे गैरसमज याच शेअरवर तपासू.

गैरसमज १ : व्होलॅटिलिटी वाढली की पुट महागतो आणि कॉल स्वस्त होतो.

वस्तुस्थिती : एकाच स्ट्राइकच्या आणि एकाच एक्स्पायरीच्या कॉलचा आणि पुटचा वेगा सारखाच असतो आणि घेणाऱ्यासाठी दोन्हीकडे तो अधिकच असतो. आपल्या उदाहरणात १०० चा पुटही २.२९ ला आहे. आयव्ही २० वरून २५ झाली तर कॉल २.८६ होतो आणि पुटही २.८६.

याचं कारण पुट-कॉल पॅरिटीत आहे. व्याज शून्य धरलं तर कॉलच्या किमतीतून पुटची किंमत वजा केली की शेअरचा भाव वजा स्ट्राइक उरतो. या समीकरणात व्होलॅटिलिटी कुठेच नाही. म्हणजे तिच्यामुळे कॉल जितके पैसे वाढेल तितकेच पुटलाही वाढावं लागतं, नाहीतर दोघांतला फरक बिघडेल आणि आर्बिट्राज करणारे तो लगेच भरून काढतील.

गैरसमज होतो, कारण आपल्याकडे निफ्टी आणि इंडिया व्हीआयएक्स बहुधा उलट दिशांना जातात. बाजार पडतो, भीती वाढते, व्हीआयएक्स चढतो आणि त्याच वेळी कॉल घसरतो. पण कॉल घसरतो तो शेअरचा भाव पडल्यामुळे, म्हणजे डेल्टामुळे. वेगा त्याला उलट सावरत असतो. आपला शेअर १०० वरून ९८ झाला आणि आयव्ही २० वरच राहिली, तर कॉल १.४० वर येतो. तीच घसरण आयव्हीला २५ वर घेऊन गेली, तर कॉल १.९४ वर थांबतो. मधले ५४ पैसे वेगाने वाचवले. स्क्रीनवर मात्र २.२९ चे १.९४ झालेलेच दिसतात आणि वाटतं की व्होलॅटिलिटीने कॉल मारला.

गैरसमज २ : आयव्ही १० टक्के वाढली म्हणजे प्रीमियम वेगाच्या दहापट वाढणार.

वस्तुस्थिती : वेगा मोजतात तो आयव्हीच्या एका अंकाला, टक्केवारीतल्या बदलाला नाही. आयव्ही स्वतःच टक्क्यांत लिहिली जाते, म्हणून इथे गल्लत होते. ‘आयव्ही १० टक्के वाढली’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. २० ची २२ झाली, तर प्रीमियम दोन वेगा, म्हणजे २३ पैसे वाढून २.५२ होईल. २० ची ३० झाली, तर दहा वेगा, म्हणजे १.१४ रुपये वाढून ३.४३ होईल. दोन्हींत पाचपटीचा फरक आहे.

बातम्यांमध्ये व्हीआयएक्सचा बदल बहुधा टक्केवारीत येतो. तो वेगाला गुणण्याआधी अंकांत करून घ्यावा लागतो. कालचा व्हीआयएक्स आणि आजचा व्हीआयएक्स यांची वजाबाकी करायची आणि तोच आकडा वापरायचा. शिवाय व्हीआयएक्स निफ्टीचा असतो. राष्ट्रीय शेअर बाजार तो निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढतो आणि पुढच्या ३० दिवसांच्या अपेक्षित हालचालीबद्दल तो बोलतो. एखाद्या कंपनीच्या १०५ च्या कॉलची आयव्ही त्याच्याबरोबर तितकीच हलेल असं धरता येत नाही. तिच्यासाठी ऑप्शन चेनमध्ये त्या स्ट्राइकसमोरचा आयव्हीचा रकानाच पाहावा लागतो.

गैरसमज ३ : बाजार जोरात हलला की व्होलॅटिलिटी वाढलीच, म्हणजे वेगाचा फायदा मिळालाच.

वस्तुस्थिती : वेगाचा संबंध घडून गेलेल्या हालचालीशी नाही, पुढच्या हालचालीच्या अपेक्षेशी आहे. आयव्ही शेअरच्या मागच्या भावांतून काढलीच जात नाही. शेअरचा भाव, स्ट्राइक, उरलेले दिवस आणि व्याज हे सगळं माहीत असतं, प्रीमियम बाजारात दिसत असतो. सूत्रातून तोच प्रीमियम यावा यासाठी व्होलॅटिलिटीच्या जागी जो आकडा घालावा लागतो, ती आयव्ही. लोक ऑप्शनला जास्त पैसे मोजायला तयार झाले की ती वाढते, तयार नसले की उतरते.

२०२४ च्या जून महिन्यातला लोकसभा निकालाचा आठवडा याचा ठळक दाखला आहे. ४ जूनला मतमोजणीच्या दिवशी निफ्टी जवळजवळ ६ टक्के पडला आणि इंडिया व्हीआयएक्स २६ च्या वर बंद झाला. ५ जूनला निफ्टी ३ टक्क्यांहून अधिक वर गेला. एका दिवसात ३ टक्के ही निफ्टीसाठी मोठी हालचाल आहे. तरीही त्या दिवशी व्हीआयएक्स १९ च्या आसपास येऊन बंद झाला, म्हणजे सात-आठ अंकांनी उतरला. सरकार कुणाचं आणि कसं बनणार, हा प्रश्न बराचसा मिटला होता. पुढच्या ३० दिवसांसाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण उरलं नाही.

त्या दिवशीची ही उतरण आपल्या शेअरला लावून पाहू. आयव्ही ८ अंकांनी खाली आली आणि वेगा ११.४ पैसे असेल, तर ३० दिवसांच्या कॉलमधून आणि पुटमधून प्रत्येकी ९१ पैसे जातात. ज्याच्याकडे कॉल होता त्याला वाढलेल्या भावाने ते भरून दिले. ज्याच्याकडे पुट होता त्याचं नुकसान दोन्ही बाजूंनी झालं.

गैरसमज ४ : निकाल चांगला लागला, शेअर वर गेला, तर कॉल घेणारा फायद्यात असतोच.

वस्तुस्थिती : शेअर किती वर गेला आणि आयव्ही किती उतरली, यावर ते ठरतं. आता हा व्यवहार पायरीपायरीने उलगडू.

शेअर १०० वर आहे. निकाल संध्याकाळी लागणार आहे आणि एक्स्पायरीला ७ दिवस उरलेत. एरवी या शेअरची आयव्ही २० असते, पण निकालाच्या धाकधुकीने ती ४० झाली आहे. १०० चा कॉल २.२१ ला मिळतो. दुसऱ्या दिवशी शेअर १०१.५० वर आहे, ६ दिवस उरलेत आणि आयव्ही पुन्हा २० वर आली आहे. कॉल दिसतो १.९५ ला. शेअर दीड रुपया वर, कॉल २६ पैसे खाली. लॉट १,००० शेअरचा असेल, तर २६० रुपयांचा तोटा.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली की पैसे कुठे गेले ते दिसतं. फक्त शेअर १०१.५० वर नेला, तर कॉल २.२१ वरून ३.०६ होतो, ८५ पैशांचा फायदा. मग एक दिवस कमी केला की तो २.९० वर येतो, १६ पैसे थीटाने गेले. शेवटी आयव्ही ४० वरून २० केली की तो १.९५ वर येतो, ९५ पैसे वेगाने गेले. ८५ मधून १६ आणि ९५ वजा केले की उरतात उणे २६. दिशा बरोबर होती, पण तिची सगळी कमाई एकट्या वेगाने खाल्ली आणि वर दहा पैसे जास्तच घेतले.

‘दोन्हीकडे हलला तरी चालेल’ म्हणून कॉल आणि पुट दोन्ही घेणाऱ्याचं, म्हणजे स्ट्रॅडलवाल्याचं, काय झालं? त्याने ४.४२ रुपये मोजले होते. आता कॉल १.९५ आणि पुट ४५ पैसे, मिळून २.४०. त्याचे २.०२ रुपये एका रात्रीत गेले आणि तेवढेच विकणाऱ्याच्या खात्यात आले.

यात फसवणूक कुठेच नाही आणि हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ४० ही आयव्ही हवेत फुगलेली नव्हती. तिच्यात निकालाच्या एका दिवसाची अपेक्षा दडलेली होती आणि ती मोजता येते. व्होलॅटिलिटीचा वर्ग दिवसांनी गुणून बेरीज करता येतो. ७ दिवस ४० ने : ०.१६ × ७ म्हणजे १.१२. त्यातले ६ साधे दिवस २० ने : ०.०४ × ६ म्हणजे ०.२४. उरलेले ०.८८ एकट्या निकालाच्या दिवसाचे. त्याला ३६५ ने भागून वर्गमूळ काढलं की येतात ४.९ टक्के. इथे सुट्ट्यांसकट सगळे दिवस सारखे धरले आहेत, पण अंदाजासाठी ते पुरेसं आहे. म्हणजे निकालानंतर शेअर इकडे किंवा तिकडे ४.९ टक्क्यांच्या मापाने हलू शकतो, असं गृहीत धरून बाजाराने भाव लावला होता. प्रत्यक्षात तो दीड टक्का हलला. कॉल घेणाऱ्याने मोठ्या धक्क्याचे पैसे दिले आणि त्याला छोटा धक्का मिळाला.

शेअर त्याच सकाळी १०१.८५ वर असता, तर कॉल बरोबर २.२१ ला, म्हणजे ना नफा ना तोटा असा उभा असता. १०५ वर असता, तर आयव्ही उतरूनही कॉल पाचच्या वर गेला असता. तेव्हा ‘निकालाआधी ऑप्शन घेऊच नये’ हा निष्कर्षही चुकीचा आहे. भावात धरलेल्या हालचालीपेक्षा मोठी हालचाल येईल असं मानायला आपल्याकडे काही कारण आहे का, एवढाच प्रश्न आहे.

गैरसमज ५ : लांबचा स्ट्राइक स्वस्त, म्हणून त्यात वेगाचा धोका कमी.

वस्तुस्थिती : पैशांत तो कमी असतो, गुंतवलेल्या रकमेच्या मानाने जास्त. पुन्हा ३० दिवसांचा शेअर घेऊ. १०० चा कॉल २.२९ ला, वेगा ११.४ पैसे. आयव्हीचा एक अंक म्हणजे प्रीमियमचा ५ टक्के भाग. १०५ चा कॉल ६४ पैशांना, वेगा ८.२ पैसे. इथे एक अंक म्हणजे प्रीमियमचा साडेबारा टक्के भाग. आयव्ही २० वरून १५ झाली आणि शेअर जागचा हलला नाही, तर १०० चा कॉल १.७२ होतो, म्हणजे चतुर्थांश जातो. १०५ चा कॉल २८ पैशांवर येतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक जातो.

कारण सरळ आहे. १०५ चा कॉल आज काहीच देत नाही. शेअर पाच रुपये चढेल या शक्यतेवरच त्याची सगळी किंमत उभी आहे आणि ती शक्यता व्होलॅटिलिटीवर अवलंबून आहे.

इथे वेगाची एक मर्यादाही दिसते. १०० च्या कॉलमध्ये आयव्हीचा प्रत्येक अंक जवळजवळ सारखाच पडतो. पाच अंक वर ५७ पैसे, पाच अंक खाली ५७ पैसे. १०५ च्या कॉलचं तसं नाही. पाच अंक वर गेले की तो ६४ वरून १ रुपया ८ पैशांवर जातो, म्हणजे ४४ पैसे वाढतो. पाच अंक खाली आले की ३६ पैसेच घटतो. वेगा गुणिले पाच या हिशेबाने दोन्ही बाजूंना ४१ यायला हवे होते. लांबच्या स्ट्राइकचा वेगा आयव्हीबरोबर स्वतःही बदलत असतो. आयव्ही वाढताना तो वाढतो, उतरताना आखडतो. म्हणून स्क्रीनवर दिसणारा वेगा एक-दोन अंकांच्या बदलासाठी चांगला. पंधरा-वीस अंकांच्या उतरणीसाठी नवी आयव्ही घालून किंमत पुन्हा काढलेली बरी. शिवाय प्रत्यक्ष बाजारात सगळ्या स्ट्राइकची आयव्ही एकसारखी हलत नाही. वरची उदाहरणं ती तशी हलते असं धरूनच केली आहेत.

गैरसमज ६ : एक्स्पायरी जवळ आली की वेगा वाढतो.

वस्तुस्थिती : वेगा मुदतीच्या वर्गमुळाबरोबर वाढतो आणि मुदत सरेल तसा घटतो. आयव्ही २० असताना १०० च्या कॉलचा वेगा ९० दिवसांना १९.८ पैसे, ३० दिवसांना ११.४ आणि ७ दिवसांना ५.५ पैसे असतो. शेवटच्या दिवसांत वाढतात ते गॅमा आणि थीटा. त्यांच्या उड्या पाहून लोक वेगाचं नाव घेतात.

तरीही घटनेनंतर सगळ्यात जास्त मार जवळच्या एक्स्पायरीलाच बसतो, हे निरीक्षण खरं आहे. फक्त त्याचं कारण वेगा नाही, आयव्हीची उतरण आहे. मघाचाच निकाल ९० दिवसांच्या ऑप्शनमध्ये पाहा. निकालाच्या दिवसाचे ०.८८ आणि साध्या ८९ दिवसांचे ३.५६, बेरीज ४.४४. तिला ९० ने भागून वर्गमूळ काढलं की आयव्ही येते २२.२. निकालाचा तोच दिवस ७ दिवसांत वाटला तर आयव्ही ४० होते, ९० दिवसांत वाटला तर जेमतेम २२. निकालानंतर दोघी २० वर येतात. ९० दिवसांच्या ऑप्शनमधून २.२ अंक गुणिले १९.८, म्हणजे ४४ पैसे जातात. त्याचा प्रीमियम ४.४० आहे, म्हणजे दहावा भाग. ७ दिवसांच्या ऑप्शनमधून २० अंक गुणिले ५.५, म्हणजे १.१० रुपये जातात. तो २.२१ चा जवळजवळ अर्धा आहे. वेगा साडेतीनपट लहान, तोटा अडीचपट मोठा.

या फरकाचा एक उपयोग आहे. निकालानंतर आयव्ही कुठवर उतरेल याचा अंदाज हवा असेल, तर लांबच्या एक्स्पायरीची आयव्ही पाहावी. तिच्यात घटनेचा वाटा पातळ झालेला असतो, म्हणून ती शेअरच्या नेहमीच्या पातळीच्या जवळ असते. जवळची ४० आणि लांबची २२ दिसली, तर साधारण अठरा-वीस अंकांची उतरण धरून चालावं. दोन्ही एक्स्पायरींची आयव्ही सारखीच चढलेली असेल, तर बाजाराला एका दिवसाची नव्हे, पुढच्या सगळ्या काळाची काळजी आहे. तिथे दुसऱ्या दिवशी आयव्ही कोसळेलच असं धरता येणार नाही.

ही उतरण हातात आली की ऑर्डर टाकण्याआधीचा हिशेब दोन ओळींचा उरतो. वेगा गुणिले अपेक्षित उतरण : ५.५ पैसे × २० म्हणजे १.१० रुपये. त्याला डेल्टाने, इथे ०.५१ ने, भागलं की साधारण २.१५. म्हणजे शेअर दोन रुपयांच्या आसपास वर गेल्याशिवाय कॉल जागेवर येणार नाही. नेमकं उत्तर १.८५ होतं. शेअर चढताना डेल्टा वाढत जातो, म्हणून हा ढोबळ हिशेब थोडी जास्तच हालचाल मागतो आणि सावध राहायला ते बरंच आहे. आता या कंपनीच्या मागच्या सात-आठ निकालांनंतर शेअर दुसऱ्या दिवशी किती टक्के हलला ते काढावं. तो बहुतेक वेळा एक-दीड टक्काच हलला असेल, तर २.२१ चा कॉल महाग आहे, मग निकाल कितीही चांगला लागो. तो वरचेवर पाच-सहा टक्के हलत आला असेल, तर ४० ची आयव्हीसुद्धा जास्त नाही.